पर्यटनस्थळावरील नकाशासूची व माहितीफलकांचे भाषांतर : स्थळप्रकारवाचक शब्दांच्या एकवाक्यतेचा प्रश्न
(पाटणादेवी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

खानदेशातील पर्यटनस्थळांविषयीची माहिती अलीकडे बहुधा छायाचित्रांच्या रूपाने भाषांतरकाराकडे येते. स्थळावर उभारलेला नकाशा, त्याच्या कोपऱ्यातील चिन्हांची सूची, प्रवेशद्वाराजवळचे माहितीफलक आणि घडीपत्रिकेची पाने यांची छायाचित्रे कोणीतरी काढून आणतो व त्यांवरून मराठीचे इंग्रजी, इंग्रजीचे मराठी अथवा दोहोंचे हिंदी भाषांतर करावयाचे असते. असे भाषांतर करताना व्याकरणाच्या चुका सहसा होत नाहीत. मात्र एकच स्थळ नकाशाच्या सूचीत एका प्रकारचे, फलकावर दुसऱ्या प्रकारचे आणि घडीपत्रिकेत तिसऱ्याच प्रकारचे ठरते. सूचीत जे ‘कुंड’ असते ते फलकावर ‘तलाव’ होते आणि घडीपत्रिकेत ‘झरा’. वाचणाऱ्याला तीन ठिकाणे आहेत असे वाटते. प्रत्यक्षात ठिकाण एकच असते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात असलेल्या पाटणादेवी परिसराच्या आधारे केला आहे. हा परिसर निवडण्याचे कारण असे, की येथील स्थळनामांत स्थळाचा प्रकार सांगणारे शब्द विपुल आहेत. परंतु त्यांतील बरेचसे शब्द त्या स्थळाचा खरा प्रकार सांगत नाहीत. त्यामुळे भाषांतराच्या प्रचलित पद्धतींची कसोटी येथे चांगली लागते. तुलनेसाठी उनपदेव व अजिंठा या स्थळांचा उल्लेख केला आहे. विवेचनासाठी घेतलेली नावांची सूची या परिसराच्या सर्वपरिचित नावांवरून तयार केलेली नमुना सूची असून ती कोणत्याही विशिष्ट फलकाची नक्कल नाही.

विशेषपद, सामान्यपद आणि प्रत्यक्ष प्रकार

स्थळनामाचे सामान्यतः दोन घटक मानले जातात. ‘तापी नदी’ या नावात ‘तापी’ हे विशेषपद आणि ‘नदी’ हे सामान्यपद होय. पहिले त्या एकाच स्थळाला लागू पडते, दुसरे त्याचा वर्ग सांगते. विशेषपदाचे लिप्यंतर करावे आणि सामान्यपदाचे भाषांतर करावे हा सर्वसाधारण नियम भाषांतराच्या वर्गात शिकवला जातो व तो तापी नदीपुरता बरोबरही आहे.

अडचण अशा नावांत येते, की ज्यांत सामान्यपद नावात मुरून गेलेले असते. धुळे शहराजवळच्या लळिंग येथील ‘लांडोर बंगला’ घ्या. ‘लांडोर’ आणि ‘बंगला’ हे दोन्ही शब्द मराठीत अर्थपूर्ण आहेत. परंतु दोन्ही मिळून ते एका वास्तूचे विशेषनाम झाले आहे. त्यातील ‘लांडोर’चे भाषांतर केल्यास वाट विचारणाऱ्याला ते नाव गावात कोणी ओळखणार नाही. उलट पाटणादेवी परिसरातून वाहणारी डोंगरी नदी घ्या. येथे ‘डोंगरी’ हे विशेषण नसून नदीचे नाव आहे. ही नदी पुढे चाळीसगाव येथे तितूर नदीला मिळते. ज्याला हे ठाऊक नाही असा भाषांतरकार ‘डोंगराळ भागातील नदी’ असा अर्थ लावतो आणि नदीचे नावच नकाशावरून नाहीसे होते.

म्हणून दोन घटकांची विभागणी पुरेशी नाही. तिसरा घटक स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. तो म्हणजे त्या स्थळाचा प्रत्यक्ष प्रकार. नावात कोणता शब्द आहे हा एक प्रश्न, आणि तेथे गेल्यावर काय दिसते हा दुसरा. नकाशाची सूची दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी असते. भाषांतरात होणारे बहुतेक घोटाळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी लिहिल्यामुळे होतात.

कोठी, न्हाणी, चावडी : तीन नावे, एक प्रकार

पाटणे गावाजवळ कन्हेरगडाच्या परिसरात काही लहान लेणी आहेत. त्यांपैकी तीन ‘नागार्जुन कोठी’, ‘सीतेची न्हाणी’ आणि ‘शृंगार चावडी’ या नावांनी ओळखली जातात. कोठी म्हणजे धान्य अथवा सामान साठवण्याची खोली, न्हाणी म्हणजे स्नानाची जागा आणि चावडी म्हणजे गावकारभाराचे ठिकाण. तिन्ही शब्द खेड्यातील माणसाच्या नित्य वापरातले आहेत. डोंगरातील कोरीव पोकळी पाहिल्यावर लोकांनी आपल्या घरातील व गावातील जागांच्या उपमेने तिला नावे दिली असावीत, हे उघड आहे.

प्रत्यक्षात ही तिन्ही खडकात कोरलेली लेणी आहेत. नागार्जुन कोठीत जैन प्रतिमा आहेत. ती वस्तू साठवण्याची जागा नव्हे. आता या तीन नावांचे शब्दशः इंग्रजी भाषांतर झाले तर घडीपत्रिकेत एक गोदाम, एक स्नानगृह आणि एक ग्रामकचेरी अशी तीन स्थळे अवतरतात. यातले स्नानगृह विशेष घोटाळ्याचे आहे. पर्यटनस्थळाच्या नकाशावर स्नानगृह व प्रसाधनगृह ही सोयीची चिन्हे असतात आणि परगावचा वाचक हा शब्द स्मारकाचा म्हणून नव्हे, तर सोयीचा म्हणून वाचतो.

केवळ लिप्यंतर करणे हा दुसरा मार्ग होय. तो नावाची हानी करीत नाही. परंतु जो वाचक मराठी जाणत नाही त्याला ‘शृंगार चावडी’ म्हणजे मंदिर, टेकडी की वाडी याचा काहीच बोध होत नाही. सूचीत चिन्ह लेण्याचे असले तरी फलकाच्या मजकुरात ते चिन्ह नसते. छायाचित्रातून आलेल्या मजकुरात तर सूची एका प्रतिमेत आणि फलक दुसऱ्या प्रतिमेत असतो. त्यामुळे चिन्हाचा आधार वाचकाला मिळत नाही आणि पुष्कळदा भाषांतरकारालाही मिळत नाही.

या परिस्थितीत तिसरा मार्ग अधिक ग्राह्य ठरतो. नाव जसेच्या तसे ठेवून त्याच्यापुढे प्रत्यक्ष प्रकार जोडावा : ‘नागार्जुन कोठी लेणे’, ‘सीतेची न्हाणी लेणे’, ‘शृंगार चावडी लेणे’. मराठी कानाला पहिल्या वाचनात ही जोडणी द्विरुक्तीसारखी वाटते. परंतु ती द्विरुक्ती नाही, कारण ‘कोठी’ हा शब्द ‘लेणे’ हा अर्थ देत नाही. खरी द्विरुक्ती ‘कन्हेरगड किल्ला’ या नावात आहे, कारण तेथे ‘गड’ हे सामान्यपद प्रत्यक्ष प्रकाराशी जुळते. मराठी मजकुरात तेथे ‘किल्ला’ गाळता येईल. मात्र इंग्रजी मजकुरात तो ठेवणे इष्ट, कारण त्या वाचकाला ‘गड’चा अर्थ माहीत नसतो. म्हणजेच प्रकारवाचक शब्द जोडण्याचा निर्णय नावावर आणि वाचकाच्या भाषेवर एकत्रितपणे अवलंबून असतो.

लेणे आणि गुहा

मराठीत ‘लेणे’ आणि ‘गुहा’ यांत स्पष्ट भेद आहे. लेणे हे मनुष्याने कोरलेले असते, गुहा निसर्गाने घडवलेली असते. ‘लेण’ हा शब्द नाशिक येथील प्राकृत शिलालेखांत याच अर्थाने येतो, तेव्हा मराठीतील हा भेद दोन हजार वर्षांच्या वापरावर उभा आहे. इंग्रजीतील ‘केव्ह’ या शब्दात दोन्ही अर्थ सामावतात. हिंदीतही ‘गुफा’ दोहोंसाठी चालतो.

याचा परिणाम असा होतो, की मराठीतून इंग्रजीत जाताना भेद पुसला जातो आणि इंग्रजीतून मराठीत येताना तो नव्याने निर्माण करावा लागतो. एकच भाषांतरकार एका फलकावर ‘अजिंठ्याच्या गुहा’ आणि पुढच्या फलकावर ‘अजिंठा लेणी’ लिहितो. अजिंठ्याच्या बाबतीत वाचक हे सावरून घेतो, कारण स्थळ जगप्रसिद्ध आहे. परंतु पाटणादेवी हा गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा भाग आहे. १९८६ साली घोषित झालेल्या या अभयारण्यात कोरीव लेणी आणि वन्यप्राण्यांनी आश्रय घ्यावा अशा नैसर्गिक कपारी या दोन्ही गोष्टी एकाच डोंगररांगेत येतात. तेथे ‘गुहा’ हा शब्द दोहोंसाठी वापरल्यास पर्यटकाला कोठे जाण्याची मुभा आहे आणि कोठे नाही हेच कळत नाही.

येथे वचनाचाही एक प्रश्न आहे. ‘लेणे’ नपुंसकलिंगी एकवचन व ‘लेणी’ त्याचे अनेकवचन. फलकांवर मात्र ‘लेणी क्र. १०’ असा प्रयोग सर्रास आढळतो आणि मग ‘ही लेणी’ एक की अनेक, हे कळेनासे होते. अजिंठ्यासारख्या ठिकाणी क्रमांकामुळे निभावते. पाटणादेवीच्या सूचीत क्रमांक नसल्यास निभावत नाही. ‘पितळखोरे लेणी’ हा अनेक लेण्यांचा समूह आहे, तर ‘नागार्जुन कोठी’ हे एक लेणे आहे. दोन्हीकडे ‘लेणी’ लिहिले तर भाषांतरात एकदा अनेकवचन आणि एकदा एकवचन कशाच्या आधारे करावे, हे ठरवता येत नाही. एकट्या स्थळासाठी ‘लेणे’ आणि समूहासाठी ‘लेणी’ हा नियम सूचीतच पाळला तर पुढील सर्व भाषांतरे आपोआप सुधारतात.

कुंड : एक शब्द, दोन प्रकार

वरील उदाहरणांत नावे अनेक आणि प्रकार एक अशी स्थिती होती. ‘कुंड’ या शब्दाच्या बाबतीत स्थिती नेमकी उलट आहे, आणि तीच अधिक गंभीर आहे.

चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव येथे गरम पाण्याचा झरा आहे. तेथील पाणी गोमुखातून बांधीव कुंडात पडते आणि लोक त्यात स्नान करतात. येथे कुंड म्हणजे दगडी बांधकामाचा, पायऱ्यांनी उतरता येण्याजोगा, खोली ठाऊक असलेला जलसाठा. पाटणादेवी परिसरात ‘केदारकुंड’ या नावाचा धबधबा आहे. अजिंठ्याच्या घळीच्या माथ्याशी वाघूर नदी टप्प्याटप्प्याने खाली उतरते, त्या जागेला ‘सातकुंड’ म्हणतात. या दोन्ही ठिकाणी कुंड म्हणजे पाण्याच्या प्रपाताने खडकात खोदलेला खळगा होय.

हे खळगे कसे तयार होतात हे समजून घेतले म्हणजे शब्दाचे महत्त्व लक्षात येते. दख्खनचा बेसाल्ट खडक लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. काही थर घट्ट व कठीण, तर काही सच्छिद्र व तुलनेने मऊ असतात. कठीण थराच्या कडेवरून पाणी कोसळते तेव्हा खालचा मऊ थर झिजतो. प्रवाहाबरोबर आलेले गोटे भोवऱ्यात फिरून खडक आणखी पोखरतात. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांतील ‘रांजणखळगे’ हे याच क्रियेचे फळ. अशा खळग्याची बाजू जवळजवळ उभी असते, कड शेवाळाने निसरडी असते, आणि गढूळ पाण्यात त्याची खोली काठावरून कळत नाही. पावसाळ्यात वरच्या खोऱ्यात पाऊस झाला की काठावर ऊन असतानाही प्रवाह अचानक वाढतो.

उनपदेव येथे स्नान करून आलेला पर्यटक दुसऱ्या दिवशी पाटणादेवी येथे ‘कुंड’ असे वाचतो तेव्हा त्याच्या मनात बांधीव कुंडाचे चित्र असते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘टँक’ किंवा ‘पाँड’ झाल्यास ते चित्र पक्के होते. कारण या दोन्ही शब्दांत शांत, मर्यादित पाण्याचा अर्थ आहे. येथे ‘एका मूळ शब्दाला एकच पर्याय’ हा एकवाक्यतेचा रूढ नियम काटेकोरपणे पाळूनही भाषांतर चुकीचे, किंबहुना धोक्याचे ठरते. एकवाक्यता शब्दाशी नव्हे, तर प्रकाराशी ठेवली पाहिजे, याचा हा सर्वांत स्पष्ट पुरावा होय.

उपाय मराठीतच उपलब्ध आहे. नदीतील खोल, घातक पाण्याला मराठी माणूस ‘डोह’ म्हणतो, आणि या शब्दात सावधगिरीची सूचना अंगभूत आहे. नाव ‘केदारकुंड’ असेच ठेवावे; सूचीतील प्रकार ‘धबधबा’ असा द्यावा; आणि मजकुरात त्याच्या तळच्या पाण्याचा उल्लेख करताना ‘डोह’ म्हणावे. उनपदेवाच्या सूचीत प्रकार ‘उष्ण पाण्याचा झरा’ व ‘बांधीव कुंड’ असा द्यावा. याच न्यायाने ‘धवलतीर्थ’ या नावातील ‘तीर्थ’ शब्दावरून तीर्थक्षेत्राचे चिन्ह न देता तेथेही ‘धबधबा’ हाच प्रकार ठेवावा.

घाट, घाटी, झरा, झरना

खानदेशाच्या सीमेवर मध्य प्रदेश व गुजरात आहेत, तेव्हा येथील फलक बहुधा त्रैभाषिक असतात. मराठी आणि हिंदी या भगिनीभाषांचे साम्य भाषांतरकाराला निर्धास्त करते आणि चुकीचे कारण होते.

मराठी ‘झरा’ म्हणजे जमिनीतून अथवा खडकातून पाझरणारे पाणी. हिंदी ‘झरना’ म्हणजे बहुधा वरून पडणारे पाणी, अर्थात धबधबा. उनपदेवच्या झऱ्याला हिंदी फलकावर ‘गरम पानी का झरना’ म्हटले तर वाचक प्रपाताच्या अपेक्षेने येतो. तेथे ‘सोता’ अथवा ‘चश्मा’ हे शब्द अधिक योग्य, आणि ‘झरना’ हा केदारकुंड व धवलतीर्थ यांच्यासाठी राखून ठेवावा.

‘घाट’ शब्दाचा पेच याहून गुंतागुंतीचा आहे. चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा रस्ता सातमाळा-अजिंठा डोंगररांग चढतो त्या चढणीला औट्रम घाट म्हणतात. हे नाव खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमशी जोडले जाते. येथे घाट म्हणजे डोंगर ओलांडण्याची वाट. तापीकाठच्या एखाद्या तीर्थस्थळाच्या नकाशात घाट म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. हिंदीत ‘घाट’ने मुख्यतः पायऱ्यांचाच बोध होतो, तेव्हा ‘औट्रम घाट’ वाचून उत्तरेकडील पर्यटक नदी शोधू लागतो. ही चूक टाळण्यासाठी ‘घाटी’ लिहिले तर दुसरी चूक होते. हल्दीघाटीसारख्या नावात ‘घाटी’ला खिंडीचा अर्थ असला, तरी आजच्या हिंदीत त्या शब्दाचा प्रचलित अर्थ दरी अथवा खोरे हा आहे. याच परिसरातील ‘पितळखोरे’ या नावातही ‘खोरे’ हे सामान्यपद आहे. दोहोंसाठी ‘घाटी’ वापरल्यास डोंगर चढणारी वाट आणि डोंगरातील दरी एकाच प्रकारात जमा होतात. मराठी नकाशात परस्परविरोधी असलेल्या दोन भूरूपांना हिंदी सूचीत एकच चिन्ह मिळते.

यावर प्रकाराचे वर्णन देणे हाच मार्ग उरतो : हिंदीत ‘औट्रम घाट (पहाड़ी मार्ग)’ आणि ‘पितळखोरे गुफा-समूह’. अभयारण्याच्या अधिकृत नावातील ‘औट्रमघाट’ मात्र कोणत्याही भाषेत बदलू नये. ते आता कायदेशीर नाव आहे, आणि त्यातील सामान्यपदाचे भाषांतर केल्यास शासकीय कागदपत्रांतील नावाशी फलकाचा मेळ बसणार नाही.

छायाचित्रावरून काम करण्याची पद्धती

आतापर्यंतचे विवेचन शब्दार्थाचे झाले. छायाचित्र हे माध्यम त्यात स्वतःच्या अडचणी मिळवते. फलकावर ऊन पडल्यामुळे अनुस्वार दिसत नाही. चौकटीबाहेर गेलेल्या ओळीचा शेवटचा काना किंवा मात्रा तुटते आणि ‘लेणे’ की ‘लेणी’ हे ठरत नाही. रंग फिके पडल्याने सूचीतील निळे व हिरवे चिन्ह सारखे दिसते. सर्वांत मोठी अडचण क्रमाची. भाषांतरकार छायाचित्रे ज्या क्रमाने मिळतील त्या क्रमाने, एकेक करून भाषांतरित करतो. पहिल्या छायाचित्राच्या वेळी घेतलेला निर्णय दहाव्या छायाचित्रापर्यंत विसरला जातो.

यासाठी भाषांतरापूर्वी लिप्यंकन पूर्ण करणे आवश्यक ठरते. प्रत्येक छायाचित्राला क्रमांक द्यावा, त्यातील मजकूर जसा दिसतो तसा उतरवून घ्यावा, आणि न वाचता येणारे अक्षर अंदाजाने न भरता रिकामे चिन्ह ठेवून नोंदवावे. सूचीतील चिन्हाचा आकार व रंगही शब्दांत लिहावा. त्यानंतर एक तक्ता करावा. त्यात मूळ नोंद, छायाचित्र क्रमांक, नावातील सामान्यपद, प्रत्यक्ष प्रकार आणि प्रत्येक भाषेतील स्वीकृत पर्याय असे रकाने असावेत. प्रत्यक्ष प्रकाराचा रकाना भरल्याखेरीज पर्यायाचा रकाना भरू नये, हा या पद्धतीचा गाभा होय.

पाटणादेवी परिसराची नमुना सूची घेऊन ही पद्धत पाहता येईल. सूचीत दहा नोंदी आहेत असे समजावे : चंडिकादेवी मंदिर, महादेव मंदिर, नागार्जुन कोठी, सीतेची न्हाणी, शृंगार चावडी, पितळखोरे लेणी, केदारकुंड, धवलतीर्थ, कन्हेरगड आणि डोंगरी नदी. नावातील शेवटच्या शब्दावरून वर्ग पाडले तर मंदिर, कोठी, न्हाणी, चावडी, लेणी, कुंड, तीर्थ, गड आणि नदी असे नऊ वर्ग होतात. दहा स्थळांसाठी नऊ वर्ग म्हणजे वर्गीकरण झालेच नाही. प्रत्यक्ष प्रकारावरून वर्ग पाडले तर दोन मंदिरे, तीन लेणी, एक लेणीसमूह, दोन धबधबे, एक किल्ला आणि एक नदी असे सहा वर्ग होतात. नकाशाला सहा चिन्हे पुरतात आणि प्रत्येक भाषेत सहाच शब्द निश्चित करावे लागतात.

पडताळणीही याच संख्यांवरून करता येते. नकाशावर धबधब्याचे चिन्ह जितक्या वेळा आले असेल, तितकीच स्थळे सर्व फलकांच्या भाषांतरात मिळून धबधबा म्हणून आली पाहिजेत. नकाशावर दोन आणि मजकुरात एक असेल तर कोठेतरी ‘कुंड’ किंवा ‘तीर्थ’ याचे शब्दशः भाषांतर झाले आहे असे समजावे. उलट दिशेनेही पाहावे. भाषांतरातील एखादा शब्द, उदाहरणार्थ ‘गुफा’, किती वेगवेगळ्या प्रकारांसाठी आला आहे हे मोजावे. एकाहून अधिक प्रकार निघाल्यास त्या शब्दाला विशेषण जोडणे भाग आहे.

प्रत्यक्ष प्रकार ठरवण्यासाठी छायाचित्र नेहमीच पुरेसे नसते. १८८० साली प्रसिद्ध झालेले खानदेश गॅझेटियर, भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे आणि स्थानिक माहितगार यांचा आधार घ्यावा लागतो. गॅझेटियरमधील इंग्रजी स्पेलिंगे जुनी असल्याने ती जशीच्या तशी उचलू नयेत. तेथून प्रकार घ्यावा, नाव नव्हे.

पद्धतीच्या मर्यादा : ‘मठ’ या शब्दाचे उदाहरण

प्रकारानुसार एकवाक्यता ठेवण्याचे तत्त्व सर्वत्र लागू पडते असे मात्र नाही. पाटणे येथील प्रसिद्ध शिलालेख हे त्याचे उदाहरण होय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली प्रकाशात आणलेल्या या शिलालेखात शके ११२८ चा उल्लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे.

या ‘मठा’चे भाषांतर करताना प्रत्यक्ष प्रकार पाहावा म्हटले तर तो डोळ्यांनी पाहण्याजोगा नाही, तो ऐतिहासिक अनुमानाचा विषय आहे. इंग्रजीतील धर्मसंघाच्या निवासाचा वाचक शब्द योजल्यास ज्योतिष व गणित यांच्या अध्ययनाचा हेतू लपतो. ‘विद्यापीठ’ अथवा त्याचा इंग्रजी पर्याय योजल्यास आधुनिक संस्थेची कल्पना शिलालेखावर लादली जाते. मंदिरे, लेणी व धबधबे यांच्या बाबतीत प्रकारवाचक शब्द ही वस्तुस्थितीची नोंद असते. येथे तो शब्द इतिहासाविषयीचे विधान होतो. त्यामुळे येथे मूळ शब्द ‘मठ’ असाच ठेवून त्याचा हेतू वाक्यात सांगणे हेच योग्य. तसेच त्याची जागा निश्चित झाली नसल्यास नकाशाच्या सूचीत त्याला चिन्ह देऊ नये. फलकावरील मजकूर आणि नकाशावरील चिन्ह यांची अधिकारमर्यादा निराळी आहे.

असाच सावधपणा ‘विहार’ या शब्दाबाबत लागतो. अजिंठ्याच्या संदर्भात विहार म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान असलेले लेणे. आजच्या मराठीत तो शब्द प्रामुख्याने वापरातील बौद्ध उपासनास्थळाचा वाचक आहे, आणि ‘वनविहार’ या सामासिक शब्दात त्याचा अर्थ भ्रमण असा होतो. एकाच घडीपत्रिकेत तिन्ही अर्थ येऊ शकतात. तेथे ‘विहार-लेणे’ असा जोड शब्द वापरल्यास घोटाळा टळतो.

या पद्धतीवर एक आक्षेप संभवतो. लोकांनी दिलेल्या नावांना पंडितांचे प्रकारवाचक शब्द चिकटवल्याने स्थानिक बोलीचा गोडवा नष्ट होतो, असे म्हणता येईल. परंतु सुचवलेल्या पद्धतीत नावाला हात लावलेला नाही. उलट, शब्दशः भाषांतरातच ‘न्हाणी’ आणि ‘चावडी’ नाहीशा होतात. प्रकार स्वतंत्रपणे सांगितला गेल्यामुळेच नावाला आपल्या मूळ रूपात राहण्याची मोकळीक मिळते.

निष्कर्ष

पाटणादेवी परिसराच्या उदाहरणावरून असे दिसते, की नकाशासूची व फलक यांच्या भाषांतरात एकवाक्यतेचा आधार मूळ शब्द हा नसून स्थळाचा प्रत्यक्ष प्रकार हा असला पाहिजे. ‘कोठी’, ‘न्हाणी’ व ‘चावडी’ यांना एकाच प्रकारात आणावे लागते, तर ‘कुंड’ या एका शब्दाला दोन प्रकारांत विभागावे लागते. मराठी व हिंदी यांच्या साम्यामुळे ‘झरा-झरना’ आणि ‘घाट-घाटी’ या जोड्यांत प्रकार बदलतो, तेव्हा हिंदी पर्याय स्वतंत्रपणे निश्चित करणे आवश्यक आहे. छायाचित्रांवरून काम करताना लिप्यंकन, प्रकारनिश्चिती, पर्यायनिश्चिती व संख्येने पडताळणी हा क्रम पाळावा. ज्या शब्दात ऐतिहासिक विधान दडलेले आहे, तेथे भाषांतर टाळून मूळ शब्द ठेवावा.

भाषा व भूगोल या दोन विभागांतील अध्यापकांनी मिळून करावयाचे हे काम आहे. एकाला ‘डोह’ या शब्दाचा अर्थभार कळतो, दुसऱ्याला तो डोह कसा व किती खोल झाला हे कळते. आणि केदारकुंडाच्या काठावर उभ्या राहणाऱ्या पर्यटकाला दोहोंची गरज असते.